पॅडलच्या एका फेरीत किती मीटर?

ऑक्टोबर २०२५मध्ये चीनमधल्या ‘टूर ऑफ ग्वांगशी’ या शर्यतीत एक नवा नियम तपासून पाहायचा, असं आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं म्हणजे यूसीआयनं ठरवलं होतं. पॅडलच्या एका पूर्ण फेरीत सायकल १०.४६ मीटरपेक्षा पुढे जाता कामा नये, असा तो नियम. शर्यतींचा वेग वाढतोय, अपघात गंभीर होताहेत, म्हणून सगळ्यात जड गिअरलाच लगाम घालू, हा त्यामागचा विचार. स्रॅम या अमेरिकन गिअर-उत्पादक कंपनीनं त्याला हरकत घेतली, कारण तिच्या गिअरमधलं सगळ्यात छोटं चक्र १० दात्यांचं असतं आणि नियम बेतलेला होता ५४ बाय ११ या जोडीवर. प्रकरण बेल्जियमच्या स्पर्धा प्राधिकरणाकडे गेलं आणि प्राधिकरणानं नियमाला स्थगिती दिली.

कोर्टकचेरी बाजूला ठेवली, तरी १०.४६ हा आकडा लक्ष देण्यासारखा आहे. नियम वेगाबद्दल होता, पण त्यात किलोमीटर नव्हते आणि तासही नव्हता. होतं ते फक्त एका फेरीतलं अंतर. रस्त्यावरच्या सायकलीचा वेग समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते, मग सायकलस्वार व्यावसायिक असो की रविवारी पहाटे कात्रजचा घाट चढणारा हौशी.

रोडबाइकला पुढे पॅडलजवळ दोन दातेरी चक्रं असतात, त्यांना चेनरिंग म्हणतात. मागच्या चाकावर लहान-मोठ्या चक्रांची चळत असते, ती कॅसेट. पुढच्या चक्राला ५० दाते आणि मागच्याला २० असतील, तर पॅडल एकदा फिरल्यावर साखळीचे ५० दुवे पुढे सरकतात आणि मागचं चाक अडीच वेळा फिरतं. ५० भागिले २० म्हणजे २.५, हे झालं गिअरचं गुणोत्तर. आता चाकाचा परीघ २.१०५ मीटर असेल, तर अडीच फेऱ्यांत सायकल ५.२६ मीटर पुढे जाते. पॅडलच्या एका फेरीतलं अंतर ते हेच. साखळी दात्यांवर बसलेली असते, ती घसरत नाही. कोरड्या डांबरावर टायरही जवळजवळ घसरत नाही. त्यामुळे पाय साखळीला जोर देत असतील तोवर हा हिशेब पक्का असतो.

उरली तिसरी गोष्ट, पाय किती वेगानं फिरताहेत. मिनिटाला पॅडलच्या किती फेऱ्या होतात, याला सायकलवाले कॅडन्स म्हणतात. एका फेरीतलं अंतर गुणिले कॅडन्स म्हणजे मिनिटाला कापलेले मीटर. त्याला ६० नं गुणून १००० नं भागलं की ताशी किलोमीटर मिळतात. ६० भागिले १००० म्हणजे ०.०६, म्हणून सगळं सूत्र एका ओळीत मावतं:

वेग = परीघ (मीटर) × पुढचे दाते ÷ मागचे दाते × कॅडन्स × ०.०६

५० बाय २० या गिअरवर कॅडन्स ९० ठेवला, तर ५.२६ गुणिले ९०, म्हणजे मिनिटाला साधारण ४७४ मीटर, म्हणजेच ताशी २८.४ किलोमीटर. तोच कॅडन्स ठेवून मागे १८चं चक्र घेतलं, तर वेग ३१.६ वर जातो. यूसीआयच्या १०.४६ मीटरच्या मर्यादेत कुणी मिनिटाला ११० फेऱ्या मारल्या, तर वेग होतो ताशी ६९ किलोमीटर आणि १२० मारल्या तर ७५च्या थोडा वर. तेव्हा या मर्यादेनं सपाट रस्त्यावरच्या अखेरच्या मुसंडीला फारसा अडसर आला नसता. तीव्र उतारावर तर स्वार पॅडल थांबवून, अंग आखडून नुसतेच सुटतात. तिथे पाय फिरतच नाहीत, मग गिअरची मर्यादा वेगाला कशी आवरणार? वेग खरोखर कमी करायचा असेल, तर ही मर्यादा फारशी उपयोगाची नाही, हे सूत्र मांडल्यावर दोन मिनिटांत दिसतं.

सूत्रातले दाते मोजून मिळतात. कॅडन्स सेन्सर सांगतो, किंवा घड्याळ लावून अर्धा मिनिट उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोजता येतं. खरी गडबड होते परिघात. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत ‘२५-६२२’ असं काहीतरी छापलेलं असतं. २५ ही मिलिमीटरमधली टायरची रुंदी आणि ६२२ हा रिमचा टायर बसण्याच्या जागेवरचा व्यास. ज्याला दुकानात ‘सातशे बाय पंचवीस’ म्हणतात, तो हाच टायर. ६२२ मध्ये दोन्ही बाजूंची टायरची जाडी धरून ५० मिळवले, तर व्यास होतो ६७२. त्याला ३.१४१६ नं गुणलं की परीघ २१११ मिलिमीटर येतो. सायकल कॉम्प्युटरबरोबर मिळणाऱ्या तक्त्यांत मात्र याच टायरसमोर सहसा २१०५ लिहिलेलं असतं. यातलं खरं काय? आपल्या सायकलीपुरतं बोलायचं तर कदाचित दोन्ही नाहीत. रुंद रिमवर तोच टायर जास्त पसरतो, हवा कमी असली की दबतो, स्वाराच्या वजनानं आणखी बसतो आणि हजारो किलोमीटर चालल्यावर झिजतो.

म्हणून परीघ जमिनीवर मोजलेला बरा. रोजच्याइतकी हवा भरायची. सपाट फरशीवर खडूनं रेघ मारायची आणि टायरची व्हॉल्व्ह बरोबर रेघेवर, तळाशी येईल अशी सायकल उभी करायची. स्वारानं सीटवर बसायचं, दुसऱ्या कुणीतरी तोल धरायचा आणि सायकल सरळ पुढे ढकलायची. व्हॉल्व्ह पाचव्यांदा तळाशी आली की तिथे दुसरी रेघ मारून पोलादी टेपनं अंतर मोजायचं. १०.५२ मीटर भरलं, तर परीघ झाला २.१०४ मीटर. पाच फेऱ्या मोजण्यामागे कारण आहे. एकाच फेरीत रेघ एक सेंटिमीटर इकडेतिकडे झाली, तर परिघात अर्ध्या टक्क्याची चूक होते आणि २०० किलोमीटरच्या फेरीत साडेनऊशे मीटरचा फरक पडतो. पाच फेऱ्यांत तेवढीच चूक झाली, तर फरक दोनशे मीटरच्या आत राहतो.

कोणतं चाक मोजायचं हेही पाहावं लागतं. साखळी मागचं चाक फिरवते, म्हणून गिअरच्या हिशेबात मागचा परीघ घ्यायचा. वेगाचा सेन्सर मात्र बऱ्याच सायकलींवर पुढच्या चाकाला असतो आणि तिथे कॉम्प्युटरला पुढच्या चाकाचाच परीघ द्यावा लागतो. दोन्हीकडे एकाच मापाचे टायर असले, तरी मागच्यावर जास्त भार येतो, त्यामुळे तो थोडा अधिक दबतो. पुढे २५ आणि मागे २८ अशी जोडी असेल, तर फरक चांगलाच जाणवतो.

परिघाची ही चूक नेमकी कुठे नडते, हे ब्रेव्हे म्हणजे बीआरएममध्ये भाग घेणाऱ्यांना चटकन कळेल. या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियनच्या नियमांनुसार होतात आणि पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा गावांत त्यांचं आयोजन होत असतं. २०० किलोमीटरची फेरी साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते, म्हणजे चहा-नाश्ता, पंक्चर आणि सिग्नल धरून ताशी सरासरी १४.८ किलोमीटर. समजा एका स्वारानं पावसाळ्यानंतर २५चे टायर काढून २८चे चढवले, पण सेन्सरच्या सेटिंगमध्ये २१०५ तसंच राहिलं. तक्त्याप्रमाणे २८च्या टायरचा परीघ २१३६. आता चाकाच्या प्रत्येक फेरीत कॉम्प्युटर ३१ मिलिमीटर कमी मोजतो, म्हणजे जवळजवळ दीड टक्का. रस्त्याच्या तक्त्यावर ‘१५० किलोमीटरवर डावीकडे वळा’ असं लिहिलेलं असतं आणि स्वार त्या फाट्यावर खरोखर पोचतो, तेव्हा स्क्रीनवर १४७.८ दिसतं. अनोळखी भागात, अंधारात, आकड्यावर भरवसा ठेवून तो सरळ पुढे निघून जातो. चूक ओळखायची खूण अशी, की महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी तुलना केली तर फरक ठरावीक प्रमाणात वाढत जातो. दहा किलोमीटरला दीडशे मीटर, वीसला तीनशे. एकाच ठिकाणी एकदम फरक पडला, तर दोष परिघाचा नाही. तिथे सेन्सरचा संपर्क तुटला असेल किंवा रस्ता चुकला असेल.

मोठा टायर घातला की वेग वाढतो, असं काही जण सांगतात. सूत्रात तसं दिसतंही. ५० बाय १८ आणि कॅडन्स ९० असताना २५च्या टायरवर ३१.६ येतात, २८च्या टायरवर ३२. पण सूत्र इथे फक्त ‘पाय तेवढेच फिरले तर’ एवढंच म्हणतं. ते तेवढेच फिरवायला किंचित जास्त जोर लागतो आणि तो जोर कुणी फुकट देत नाही. पाय थकले की कॅडन्स उतरतो आणि वेग होता तिथेच येतो.

आता हेच सूत्र उलटं फिरवून पाहू. त्याचा सगळ्यात चांगला उपयोग तिथेच आहे, असं या लेखकाचं ठाम मत आहे. वेग, कॅडन्स आणि परीघ माहीत असतील, तर गिअर काढता येतो. म्हणजे फेरी संपल्यावर, घरी बसून, रस्त्याच्या कोणत्या टप्प्यावर कोणता गिअर लावलेला होता हे सांगता येतं.

एक उदाहरण घेऊ. पुण्याचा एक हौशी स्वार, सायकल साधी, पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या चेनरिंग, मागे अकरा चक्रांची ११-३२ कॅसेट: ११, १२, १३, १४, १६, १८, २०, २२, २५, २८, ३२. टायर २५चे, मोजलेला परीघ २.१०५. सातारा रस्त्यावर सपाट पट्ट्यात तो एकसारखा चालला आहे. नोंदीत जीपीएसचा वेग ताशी २७ किलोमीटर आणि कॅडन्स ८२ दिसतो. त्याची तक्रार अशी, की सपाटीवर साखळी घासल्यासारखा आवाज येतो, दुकानदारानं दोनदा गिअर जुळवून दिले तरी जात नाही.

२७ भागिले (०.०६ × ८२ × २.१०५). कंसातलं उत्तर १०.३६, भागाकार २.६१. म्हणजे गिअरचं गुणोत्तर २.६१च्या आसपास होतं. पुढे ५० धरले, तर मागे १९ दाते हवेत आणि या कॅसेटमध्ये १९चं चक्रच नाही. १८ असते तर गुणोत्तर २.७८ आलं असतं, २० असते तर २.५. दोन्ही लांब पडतात. पुढे ३४ धरून पाहिलं, तर मागे बरोबर १३ येतात: ३४ भागिले १३ म्हणजे २.६२. याच गिअरवर ८२च्या कॅडन्सला वेग २७.१ भरतो. कोडं सुटलं. तो स्वार पुढच्या लहान चेनरिंगवर आणि मागच्या लहान चक्रांपैकी तिसऱ्यावर सायकल चालवत होता. पुढची लहान रिंग सायकलीच्या आतल्या बाजूला असते, तर मागची लहान चक्रं बाहेरच्या बाजूला. साखळी तिरकी ताणली जाते, चेनरिंगच्या कडेला आणि पुढच्या डिरेलरच्या पट्टीला घासते आणि आवाज येतो. गिअर जुळवण्यात काही खोट नव्हतीच.

त्यावर उपायही सूत्रच सांगतं. २७चाच वेग ठेवायचा आणि पुढे ५०ची रिंग घ्यायची, तर मागे २०च्या चक्रावर कॅडन्स ८५-८६ लागेल आणि १८च्या चक्रावर ७७. दोन्ही वेळा साखळी जवळजवळ सरळ राहते. त्याला ८२ची सवय आहे, तेव्हा २०चं चक्र त्याच्या पायांना जवळचं. मिनिटाला तीन-चार फेऱ्या जास्त, आवाज बंद.

हे गणित करताना एक पथ्य पाळावं लागतं. पूर्ण फेरीची सरासरी सूत्रात घालायची नाही. एका तासात स्वारानं पन्नास मिनिटं ८०च्या कॅडन्सनं पॅडल मारलं आणि उतारांवर मिळून दहा मिनिटं पाय थांबवले असं धरा. शून्याची मिनिटं धरून सरासरी काढली तर कॅडन्स ६७ येतो, वगळून काढली तर ८०. कॉम्प्युटरमध्ये यातली कोणती पद्धत लावलेली आहे ते सेटिंगवर अवलंबून असतं. वेगाच्या सरासरीत मात्र उताराचे किलोमीटर आलेलेच असतात. अशा दोन सरासऱ्यांतून काढलेला गिअर कुठल्याच सायकलीवर सापडणार नाही. म्हणून सपाट रस्त्यावरचा एखादा मिनिट निवडायचा, जिथे वेगाची आणि कॅडन्सची रेघ दोन्ही स्थिर आहेत आणि तोच सूत्रात घालायचा. उत्तर कॅसेटमधल्या खऱ्या चक्राशी जुळलं, तर परीघ आणि सेन्सर दोन्ही ठीक आहेत. एकाच फेरीतले चार-पाच मिनिट तपासले आणि प्रत्येक वेळी उत्तर दीड टक्क्यानं एकाच बाजूला हुकलं, तर परीघ पुन्हा मोजायचा.

घाटात या हिशेबाचं रूप वेगळं होतं. सपाटीवर प्रश्न असतो ‘किती वेगानं’, चढावर असतो ‘पाय फिरते राहतील का’. वरच्याच सायकलीचा सगळ्यात हलका गिअर ३४ बाय ३२. गुणोत्तर १.०६, एका फेरीत २.२४ मीटर. म्हणजे चढाच्या प्रत्येक किलोमीटरला पॅडलच्या सुमारे ४४७ फेऱ्या. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या, तर वेग ताशी ८ किलोमीटर.

आता चढ आठ टक्क्यांचा आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की आठ मीटर वर, आणि स्वार, सायकल, पाण्याच्या बाटल्या सगळं मिळून ८४ किलो. ताशी ८ किलोमीटरनं एवढं वजन नुसतं वर उचलायलाच जवळजवळ १४७ वॅट लागतात. रस्त्याचं घर्षण आणि हवा धरून आकडा १६०च्या आसपास जातो. एखाद्या हौशी स्वाराला तासभर एवढं झेपेल, एखाद्याला नाही. समजा एवढंच झेपतं. मग कॅसेट ११-२८ असती आणि सगळ्यात हलका गिअर ३४ बाय २८ असता तर? ताकद तेवढीच, चढ तोच, म्हणून वेगही तोच ताशी ८. पण एका फेरीत आता २.५६ मीटर जायचं आहे, त्यामुळे कॅडन्स ६०वरून ५२वर येतो. प्रत्येक फेरीत पाय जास्त जोरानं दाबावा लागतो आणि चढ जरा उभा झाला, की पन्नासच्या खाली जाऊन सायकल डुलायला लागते. गुडघे दुखण्याची तक्रार पुष्कळदा इथून सुरू होते. ३२च्या चक्रानं कुणी घाट लवकर चढत नाही. पाय फिरते राहतात, एवढाच त्याचा फायदा आणि घाटात तो मोठा आहे. कॅसेट विकत घेताना दुकानात हा भागाकार कागदावर करून पाहिला, तर आपल्या घाटाला २८ पुरेल की ३२, ३४ लागेल, हे पैसे देण्याआधी कळतं.

मोठी कॅसेट घेतल्यावर सपाटीवर काय गमावतो, तेही याच सूत्रात आहे. ११-३२मध्ये १४ नंतर एकदम १६ येतं. ५०च्या रिंगवर कॅडन्स ९० असताना १४वर वेग ४०.६ आणि १६वर ३५.५, म्हणजे एका टिचकीला पाच किलोमीटर. ११-२८मध्ये मधलं १५चं चक्र असतं, तिथे वेग ३७.९ येतो. घोळक्यानं एकमेकांच्या मागे चालणाऱ्या शर्यतवाल्यांना हे मधलं चक्र हवंसं वाटतं, कारण गटाचा वेग ३८ असेल आणि आपल्याकडे फक्त ३५ आणि ४०चे गिअर असतील, तर पाय एक तर पळत राहतात नाही तर अडखळतात. एकट्यानं चालणाऱ्या, आठवड्यातून एकदा घाट गाठणाऱ्या स्वाराला त्या चक्राची गरज क्वचितच पडते.

वारा, चढ, खड्डे, अंगातली ताकद यांतलं काहीही या सूत्राला माहीत नाही. ३१.६चा वेग समोरच्या वाऱ्यात आला की पाठीमागच्या, हे त्यातून कळत नाही. पाय थांबले की तर ते गप्पच होतं. पण साखळी ताणलेली असताना ते चुकत नाही, आणि त्यासाठी लागणारं सामान म्हणजे खडू, टेप आणि साधा कॅल्क्युलेटर. रोडबाइक असलेल्या प्रत्येकानं एका रविवारी दाते मोजावेत, परीघ जमिनीवर मोजावा आणि आपल्या प्रत्येक गिअरचं एका फेरीतलं अंतर कागदावर लिहून ठेवावं. टायरचं माप बदलल्यावर तो कागद नव्यानं करावा, आणि त्याच दिवशी कॉम्प्युटरमधला परीघही बदलावा.